गोंगाटातला ‘प्राप्त झाले’: दुकानातल्या साउंडबॉक्सची भाषा, आवाज आणि जागा

क्यूआर कोडवर पैसे आले की ‘एकशे पंचवीस रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगणाऱ्या छोट्या यंत्राला साउंडबॉक्स म्हणतात. बाजारात त्याला कोणी नुसते ‘बॉक्स’ म्हणते, कोणी ‘स्पीकर’. यूपीआय २०१६ साली सुरू झाले, तेव्हा दुकानदाराकडे पैसे आल्याची खात्री करण्याचे दोनच मार्ग होते. बँकेच्या एसएमएसची वाट पाहायची किंवा गिऱ्हाइकाने समोर धरलेल्या मोबाइलवर विश्वास ठेवायचा. एसएमएस कधी लगेच येई, कधी पाच मिनिटांनी. हात पिठाने, तेलाने किंवा चिखलाने भरलेले असताना दर गिऱ्हाइकामागे मोबाइल उघडून पाहणे भाजीवाल्याला किंवा वडापाववाल्याला जमणारे नव्हते. पेटीएमने २०१९ साली बोलणारा बॉक्स बाजारात आणला. २०२२ मध्ये फोनपेचा स्मार्टस्पीकर आला आणि पाठोपाठ इतर कंपन्यांचीही यंत्रे आली. यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेणे १ जानेवारी २०२०पासून बंद झाले असल्याने या बॉक्सचे महिन्याचे भाडे हे कंपन्यांच्या कमाईचे एक साधन आहे. सर्वसाधारणपणे ते शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास असते.

दुकानदार हे भाडे भरतो ते ऐकू येण्यासाठी. तरीही भर बाजारात बॉक्स असलेल्या गाळ्यांवर ‘आले का?’ आणि ‘बघा ना, गेलेत माझ्याकडून’ हा संवाद चालूच असतो. बॉक्स बहुतेक वेळा बोललेला असतो, पण कोणाला नीट कळलेले नसते. आवाज पूर्ण वाढवणे हा त्यावर सर्रास केला जाणारा उपाय, आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा. बॉक्स कुठे ठेवला आहे आणि कोणत्या भाषेत बोलतो, यावर आवाजाच्या बटणापेक्षा जास्त अवलंबून असते.

गिऱ्हाइकाने कोड स्कॅन करून पिन टाकला की त्याच्या बँकेतून रक्कम वजा होते, एनपीसीआयच्या यंत्रणेतून निरोप दुकानदाराच्या बँकेकडे जातो आणि तिथे रक्कम जमा होते. जमा झाल्याचा निरोप क्यूआर देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला मिळतो. सर्व्हर तो बॉक्समधल्या सिमकार्डावरून बॉक्सला पाठवतो. दुकानदाराचा मोबाइल या साखळीत कुठेच नसतो, त्यामुळे तो घरी विसरला तरी बॉक्स बोलतो. गिऱ्हाइकाने कोणत्या ॲपमधून पैसे दिले यानेही फरक पडत नाही, कारण बॉक्स कोडशी जोडलेला असतो. बॉक्स गप्प राहण्याचे एक फार नेहमीचे कारण यातच आहे. गल्ल्यासमोर दोन-तीन कंपन्यांचे कोड चिकटवलेले असतात आणि बॉक्स त्यांपैकी एकाचाच असतो. दुसऱ्या कोडवर किंवा दुकानदाराच्या मोबाइल नंबरवर पाठवलेले पैसे खात्यात बिनबोभाट येतात आणि बॉक्स काहीच म्हणत नाही. ज्या कोडचा बॉक्स आहे तेवढाच समोर ठेवून बाकीचे काढून टाकले, तर ‘आले का’चे निम्मे प्रसंग तिथेच मिटतात.

निरोप आल्यावर बॉक्स वाक्य बोलतो ते दोन प्रकारे. काही यंत्रणांत पूर्ण वाक्याचा आवाज सर्व्हरवर तयार होऊन येतो. काहींत शब्दांचे ध्वनिमुद्रित तुकडे बॉक्समध्येच साठवलेले असतात आणि रकमेप्रमाणे एकापुढे एक वाजवले जातात. दुसऱ्या प्रकारात मराठीला इंग्रजीपेक्षा बरेच जास्त तुकडे लागतात. इंग्रजीत एक ते एकोणीस, मग वीस, तीस असे आठ दशक आणि शंभर, हजार, लाख एवढ्या जेमतेम तीस शब्दांत सगळ्या रकमा बसतात. मराठीत एक ते नव्याण्णव यांतला प्रत्येक अंक वेगळा शब्द आहे. त्यावर शंभर, एकशे ते नऊशे, हजार आणि लाख धरले की शंभराहून अधिक तुकडे होतात. ते जोडताना मध्ये बारीकशी फट पडते. ‘एकशे’ एका सुरात आणि ‘पंचवीस’ दुसऱ्या सुरात येते. शांत खोलीत ते खटकत नाही. गोंगाटात मात्र माणसाचा कान बोलण्याच्या चढउताराचा आधार घेऊन राहिलेले शब्द भरून काढतो, आणि तुकड्यांच्या बोलण्यात तो आधार कमी मिळतो.

मराठी अंकांची घडणही इथे महत्त्वाची ठरते. पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत याच्या उलट. बसच्या हॉर्नने शब्दाचा पुढचा भाग खाल्ला तर मराठीत एकक हरवते, मागचा भाग खाल्ला तर दशक हरवते. ‘एकोणतीस’मधले ‘एकोण’ बुडाले तर कानावर ‘तीस’ पडते, म्हणजे फरक एका रुपयाचा. पण ‘पंचवीस’ आणि ‘पस्तीस’ यांत घोळ झाला तर तो दहा रुपयांचा, आणि ‘सतरा’ व ‘सत्तर’ यांत झाला तर त्रेपन्न रुपयांचा. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘आठ’ आणि ‘साठ’ या जोड्याही अशाच फसव्या आहेत. इंग्रजी त्यातून सुटलेली नाही. तिथे थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा गोंधळ होतो. म्हणून कोणती भाषा जात्याच जास्त स्पष्ट, असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.

त्या गाळ्यावर भाव कोणत्या भाषेत सांगितला जातो, हे मात्र नक्की पाहावे. गोंगाटात माणूस शब्द कोरा ऐकत नाही. कोणता शब्द येणार याचा अंदाज असेल तर तो फार कमी आवाजातही पकडतो. जॉर्ज मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली हे मोजून दाखवले होते. ऐकणाऱ्याला शक्य शब्दांची यादी जितकी छोटी माहीत, तितक्या जास्त गोंगाटातही त्याला तो शब्द बरोबर ओळखता येतो. बाजारातल्या गिऱ्हाइकापुढे तर यादीत एकच शब्द असतो. भाजीवालीने ‘पस्तीस झाले ताई’ म्हटलेले असते. ताईंच्या कानाला पस्तीस ओळखायचे नसते, नुकत्याच ऐकलेल्या पस्तीसशी जुळतेय का एवढेच पाहायचे असते. बॉक्स ‘पैंतीस’ किंवा ‘थर्टी फाइव्ह’ म्हणाला की हा सोपा मेळ तुटतो आणि त्या क्षणी आकड्याचे भाषांतर करावे लागते. तेवढ्यात पुढचे गिऱ्हाईक बोलू लागते.

म्हणून ज्या भाषेत भाव बोलला जातो त्याच भाषेत बॉक्स ठेवावा. नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ किंवा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत ती भाषा बहुधा मराठी असेल. मुंबईत अनेक ठिकाणी तोच गाळा मराठी आणि हिंदी दोन्हींत चालतो. तिथे गल्ल्यावर जो बसतो त्याची भाषा निवडावी, कारण माल हातातून सोडायचा की नाही हे ठरवायचे काम त्याचे असते. गिऱ्हाइकाजवळ त्याच्या मोबाइलची खूण असते, दुकानदाराजवळ फक्त बॉक्स असतो. मालकाने स्वतःला आवडते म्हणून इंग्रजी लावली आणि गल्ल्यावर दिवसभर गावाकडून आलेला मुलगा बसतो, असे अनेक दुकानांत दिसते. असा मुलगा रक्कम ऐकत नाही. नुसता ‘बॉक्स वाजला’ एवढे ऐकून माल देतो, आणि साठाच्या जागी सहा रुपये आले तरी त्याच्या लक्षात येत नाही.

मराठी निवडल्यावरही एक अडचण उरते. माणसे रकमा जशा बोलतात तशा बॉक्स बोलत नाही. दुकानदार ‘दीडशे’ म्हणतो, बॉक्स साधारणपणे ‘एकशे पन्नास’ म्हणतो. ‘सव्वाशे’चे ‘एकशे पंचवीस’ होते, ‘अडीचशे’चे ‘दोनशे पन्नास’, आणि ‘अकराशे’चे ‘एक हजार एकशे’. मोठ्या रकमेत हा फरक कानाला चांगलाच अडवतो. त्यावर उपाय बॉक्समध्ये नाही, दुकानदाराच्या तोंडी आहे. भाव करताना दीडशे खुशाल म्हणावे, पण गिऱ्हाईक मोबाइल काढते तेव्हा हिशेब बॉक्सच्या शब्दांत सांगावा: ‘एकशे पन्नास टाका.’ पन्नाशीच्या पुढचे मराठी अंक ज्यांना चाचपडत आठवतात अशी इंग्रजी शाळांत शिकलेली तरुण गिऱ्हाइकेही यामुळे सावरतात. ‘एकोणऐंशी’ हा शब्द त्यांनी क्षणापूर्वीच ऐकलेला असतो.

भाषा बदलण्याची सोय कंपनीच्या दुकानदारांसाठीच्या ॲपमध्ये, बॉक्सच्या पानावर असते. काही यंत्रांत बॉक्सवरच्या बटणांनीही ती बदलता येते. नव्या भाषेचे तुकडे उतरवून घ्यायचे असतील तर बॉक्स चालू, चार्ज झालेला आणि नेटवर्कमध्ये असावा लागतो. ॲपमध्ये भाषा बदललेली दिसते पण बॉक्स जुन्याच भाषेत बोलतो, अशा वेळी बॉक्स नेटवर्कमध्ये नव्हता, असे बहुधा निघते. तो बंद करून पुन्हा चालू करावा आणि एक छोटी रक्कम टाकून पाहावी. हे काम सकाळी दुकान उघडताना करावे. संध्याकाळच्या गर्दीत केले तर मधल्या काही मिनिटांतले पैसे न ऐकताच राहतात.

आवाजाचे गणित डेसिबलमध्ये मोजतात आणि त्यातल्या दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या तरी दुकानदाराचे काम भागते. उघड्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि निम्मे झाले की तेवढ्यानेच चढतो. स्पीकरला दुप्पट शक्ती दिली तर मात्र आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणजे बॉक्स चौपट जवळ आणल्याने जे १२ डेसिबल मिळतात, तेच जागा न बदलता मिळवायला स्पीकरची शक्ती सोळापट लागेल. तळहाताएवढ्या डब्यातल्या स्पीकरला ते शक्य नाही. दुसरे असे की नुसता आवाज किती हे महत्त्वाचे नसून भोवतालच्या गोंगाटापेक्षा तो किती वर आहे हे महत्त्वाचे असते. दोन्ही सारखे असतील तर ओळखीचे शब्द तुटक कळतात. निवांत, खात्रीने कळायला बोलणे गोंगाटाच्या १० ते १५ डेसिबल वर असावे लागते.

एक उदाहरण आकड्यांत पाहता येईल. दादर पश्चिमेला स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर भाजीचा एक गाळा आहे असे समजू. संध्याकाळी सातला गिऱ्हाईक जिथे उभे राहते तिथला गोंगाट ७६ डेसिबल धरू. बॉक्स दुकानदाराच्या मागच्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी ठेवलेला आहे. गिऱ्हाइकापासून तिथपर्यंतचे अंतर २ मीटर. पूर्ण आवाजावर हा बॉक्स अर्ध्या मीटरवर ९० डेसिबल देतो असे मानले, तर एका मीटरवर ८४ आणि दोन मीटरवर ७८ उरतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या कानाशी बॉक्स गोंगाटाच्या जेमतेम २ डेसिबल वर. ‘काहीतरी वाजले’ एवढे कळते, आकडा कळत नाही. त्यात पूर्ण आवाजावर छोटा स्पीकर फाटतो, प्लॅस्टिकचे आवरण थरथरते आणि ‘स’, ‘त’, ‘च’ अशी व्यंजने एकमेकांत मिसळतात. सतरा आणि सत्तर वेगळे ओळखायला नेमकी तीच लागतात.

आता बॉक्स मागच्या फळीवरून काढून काट्याशेजारी, गाळ्याच्या पुढच्या कडेला आणला. गिऱ्हाइकाचा कान अर्ध्या मीटरवर, जाळी त्याच्याकडे पण थोडी तिरकी, म्हणजे दुकानदारालाही ऐकू जावे. पूर्ण आवाजावर आता ९० डेसिबल पोचतात. इतके नको असतात आणि आवाज फाटतही असतो, म्हणून तो ४ डेसिबल खाली आणायचा, बहुतेक बॉक्सवर एखाद-दुसऱ्या पायरीने. गिऱ्हाइकाला ८६ मिळतात, गोंगाटाच्या १० वर, आणि स्वच्छ. दुकानदाराचा कान ७० सेंटिमीटरवर असेल तर त्याला सुमारे ८३ मिळतात. रक्कम त्यानेच सांगितलेली असल्याने त्याला तेवढे पुरते. तीन मीटरवरच्या शेजारच्या गाळ्यावर पूर्वी हा बॉक्स ७४ डेसिबलने पोचत होता, आता ७०ने पोचतो आणि रस्त्याच्या गोंगाटात बुडतो. एका बाजूला गिऱ्हाइकाला आठ डेसिबल जास्त, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याला चार कमी. भिंती आणि छपराच्या परावर्तनामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे पुढेमागे होतील, पण दिशा हीच राहील.

शेजाऱ्याचा विचार केवळ सौजन्याचा नाही. माणूस गोंगाटात नकळत मोठ्याने बोलतो, हे एत्येन लोंबार्ड या फ्रेंच वैद्याने १९११ साली नोंदवले आणि आजही त्या परिणामाला त्याचेच नाव आहे. गाळ्यांच्या ओळीत तेच बॉक्सच्या बटणांतून घडते. एकाने आवाज वाढवला की शेजाऱ्याला आपला ऐकू येईनासा होतो, मग तोही वाढवतो, आणि शेवटी सगळे पूर्ण आवाजावर असतात व कोणालाच काही कळत नाही. वाहनांचा गोंगाट बराचसा खर्जातला असल्याने बोलणे त्यातून वर निघते. बोलण्याला सर्वाधिक बुजवते ते दुसरे बोलणेच, कारण दोन्हींचे स्वर एकाच पट्ट्यात असतात. त्यात एकाच कंपनीचे पाच बॉक्स ओळीने असतील तर सगळ्यांचा आवाज आणि वाक्यही एकच. ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ हे आपल्याकडचे की बाजूच्या फुलवाल्याचे, हे सांगता येत नाही. अशा ओळीत शेजाऱ्याहून वेगळा आवाज निवडणे उपयोगी पडते. काही कंपन्यांनी ठरावीक भाषांत नामवंतांचे आवाज दिले आहेत. फोनपेच्या बॉक्सवर हिंदी-इंग्रजीत अमिताभ बच्चन यांचा आवाज निवडता येऊ लागला तो २०२३ पासून. शोभेपेक्षा ओळख पटण्यासाठी अशा सोयीचा उपयोग जास्त आहे.

जागा निवडताना आणखी काही गोष्टी आड येतात. बॉक्सची जाळी टेबलाकडे तोंड करून पडलेली असते, मागे कोथिंबिरीच्या जुड्या रचल्या जातात, पिठाच्या गिरणीत जाळीवर पिठाचा थर बसतो. बारीक, तीक्ष्ण स्वर असल्या अडथळ्यांत आधी अडकतात आणि व्यंजने त्याच स्वरांत असतात. मग आवाज मोठा तर वाटतो, पण तोंडावर हात धरून बोलल्यासारखा लागतो. पावसाळ्यात बॉक्सवर पॉलिथिनची पिशवी घालतात तेव्हाही तेच होते. पाण्यापासून जपायचे तर पिशवीऐवजी वरून पुढे आलेला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा आडोसा करावा आणि जाळी मोकळी ठेवावी. मात्र चारही बाजूंनी पत्रा असलेल्या टपरीच्या तळाशी किंवा फ्रिजच्या मागे बॉक्सला नेटवर्क मिळत नाही, आणि तिथे आवाज उशिरा येतो किंवा येतच नाही.

हे सगळे नीट बसले आहे का हे तपासायचे तर शांत दुपारी एक रुपया टाकून पाहणे निरर्थक आहे. ‘एक’ हा शब्द कोणत्याही गोंगाटात कळतो. तपासणी गर्दीच्या वेळी करावी आणि फसव्या रकमांनी करावी. घरच्या कोणाच्या मोबाइलवरून १७, ७०, २५, ३५, ६० अशा रकमा क्रम न सांगता टाकायला लावाव्यात. ज्याने रक्कम टाकली तो सोडून दुसऱ्या कोणी गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहून ऐकलेला आकडा सांगावा. पैसे आपल्याच खात्यात येतात, खर्च काही नाही. पाचांपैकी दोन आकडे चुकले तर जागा बदलावी, आणि जागेनंतर आवाज. ऐकणाऱ्यांत एखादी वयस्कर व्यक्ती असावी. उतारवयात तीक्ष्ण स्वर ऐकण्याची शक्ती आधी कमी होते, त्यामुळे अशा माणसाला आवाज वाढवून ‘मोठे’ ऐकू येते पण ‘स्पष्ट’ येत नाही. ज्या दुकानात अशी गिऱ्हाइके जास्त, तिथे रक्कम दाखवणारा छोटा पडदा असलेला बॉक्स घेणे योग्य. गोंगाट मोजायला मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲप चालते. त्याचा आकडा अचूक नसतो, पण एकाच मोबाइलने दोन जागांची तुलना करायला तो पुरतो.

आवाज स्पष्ट आला तरी तो नेमके काय सांगतो, याची मर्यादा आहे. बॉक्स रक्कम सांगतो, कोणी दिली ते सहसा सांगत नाही. गर्दीत दोघांनी एकाच वेळी पन्नास रुपये टाकले तर दोन घोषणा एकामागून एक होतील आणि त्या मोजाव्या लागतील. एक घोषणा ऐकून दोघांना माल दिला जातो, ती चूक इथे होते. जुना स्क्रीनशॉट किंवा हुबेहूब दिसणारे बनावट ॲप दाखवणारेही अशीच वेळ साधतात. दुसऱ्या कोणाच्या घोषणेला लागून ते मोबाइल पुढे करतात. शंका आली तर गिऱ्हाइकाच्या पडद्यावरचा यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक दुकानदाराच्या ॲपमधल्या यादीत आहे का ते पाहावे. शेवटचे चार अंक जुळले तरी नेहमीच्या व्यवहाराला पुरते. बॉक्स दुसरीही एक फसवणूक उघड करतो. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीतून अनेक दुकानांच्या क्यूआर कोडवर दुसरेच कोड चिकटवले गेल्याचे समोर आले होते. कोड असा बदलला गेला तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘यशस्वी’ दिसते आणि बॉक्स मात्र गप्प राहतो. सकाळच्या पहिल्याच दोन गिऱ्हाइकांना असे झाले तर नेटवर्कला दोष देण्याआधी कोडच्या कागदावर नख फिरवून पाहावे आणि स्कॅन केल्यावर आपलेच नाव येते ना याची खात्री करावी.

बॉक्स गप्प असताना कारण शोधायचा क्रम सोपा आहे. आधी दिवा आणि बॅटरी. सतत मोठ्या आवाजावर चालणारा बॉक्स लवकर उतरतो आणि उतरत्या बॅटरीवर आवाजही घोगरा होतो. मग अनेक यंत्रांवर असते ते शेवटचा व्यवहार पुन्हा ऐकवणारे बटण दाबावे. बॉक्सने ताजी रक्कम सांगितली तर घोषणा झाली होती, ऐकू आली नव्हती, म्हणजे प्रश्न जागेचा किंवा आवाजाचा आहे. जुनी रक्कम सांगितली तर निरोपच पोचलेला नाही, आणि ॲपमधली यादी पाहावी लागेल. नेटवर्क परत आल्यावर काही बॉक्स अडकलेल्या घोषणा एकदम ओळीने बोलतात. त्या दहा मिनिटांपूर्वीच्याही असू शकतात, म्हणून समोरच्या गिऱ्हाइकाचा माल त्या भरात सोडू नये. १२ एप्रिल २०२५ रोजी झाला तसा देशभर यूपीआयच अडखळला, तर बॉक्सची काही चूक नसते. अशा वेळी गिऱ्हाइकाचे पैसे वजा झालेले आणि दुकानदाराकडे न आलेले असू शकतात. ते एकतर उशिरा जमा होतात किंवा गिऱ्हाइकाला परत मिळतात. तोवर त्याचे नाव आणि संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

काही दुकानांत मात्र आवाज कमी असणेच बरोबर. औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीबाहेर कोणी किती पैसे दिले हे बाकावरच्या सगळ्यांना कळण्याचे कारण नाही. सोनाराकडे मोठी रक्कम मोठ्याने जाहीर होणे गिऱ्हाइकाला नकोसे वाटते आणि धोक्याचेही असते. हातगाडीवाल्याची दिवसभराची कमाई रस्त्यावर ऐकली जाते, हीही गोष्ट विसरण्यासारखी नाही. अशा ठिकाणी बॉक्स गिऱ्हाइकाकडे न वळवता गल्ल्याकडे तोंड करून, खालच्या पायरीवर ठेवावा आणि गिऱ्हाइकाला तोंडी ‘आले’ म्हणून सांगावे. रस्त्यावरचा गोंगाट उतरल्यावर संध्याकाळचा आवाज तसाच ठेवू नये, कारण ७६ डेसिबलच्या गर्दीसाठी लावलेला बॉक्स रात्रीच्या गल्लीत वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी भागात ती अनुक्रमे ५५ आणि ४५ आहे.